मधल्या रांगेतला चौथा

*माझा मुलगा चौथीत आहे. डिसेंबरमध्ये शाळेच्या लेझीम पथकाचा आंतरशालेय स्पर्धेत दुसरा नंबर आला. पथकाचा ग्रुप फोटो शाळेच्या वेबसाइटवर, फेसबुक पानावर आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. तीन रांगा, ३१ मुलं, खाली सगळ्यांची नावं. माझा मुलगा मधल्या रांगेत डावीकडून चौथा. मुलांचे चेहरे इंटरनेटवर नकोत असं माझं मत आहे. मी शाळेला मेल केला : 'कृपया आमच्या मुलाला या फोटोतून क्रॉप करावे.' उत्तर आलं : 'मधल्या मुलाला क्रॉप करणे शक्य नाही. तसेच प्रवेश अर्जावर आपली संमती आहे.' सही माझीच आहे, नाही म्हणत नाही. यजमान म्हणतात, बाकी ३० जणांच्या पालकांना काही वाटत नाही, तुलाच का? आता पुढे काय लिहू?*
*– एक आई, मुलुंड*

ताई,

शाळेच्या उत्तरातलं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं अर्धंच खरं आहे. यजमानांना सांगा, बाकीच्या पालकांना कोणी विचारलेलंच नाही. ते एवढ्यावरच सोडू, कारण खरी अडचण तुमच्या मेलमधल्या 'क्रॉप' या शब्दात आहे.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा शेवटची काही वर्षं वार्षिक अंक आणि वेबसाइटचे फोटो माझ्याकडे होते. असे मेल ऑफिसात यायचे आणि प्रिंट काढून माझ्या टेबलावर ठेवले जायचे. त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूने हे काम कसं दिसतं ते आधी सांगते.

क्रॉप म्हणजे चौकोनी फोटोची कडेची पट्टी कापणं. मूल रांगेच्या टोकाला असेल तर जमतं. तुमचा मुलगा डावीकडून चौथा, म्हणजे त्याला कापायचं तर त्याच्या डावीकडची तिन्ही मुलं जाणार, आणि पुढच्या-मागच्या रांगेतली तेवढीच आणखी. एका मुलासाठी दहा-बारा मुलांना फोटोतून घालवायचं हे शाळा कधीच करणार नाही, आणि करूही नये. तुम्ही त्यांच्या हातात कात्री दिलीत, त्यांनी कात्री चालत नाही म्हणून परत केली. तुम्हाला हवंय काय, ते मागायचं राहूनच गेलं. तुमच्या मुलाचा चेहरा आणि नाव लोकांसाठी खुल्या असलेल्या जागी दिसू नये, ही तुमची मागणी आहे. ते कसं करायचं हे शाळेवर सोडा, पण पर्याय तुम्हीच सुचवा.

सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे फोटोच बदलणं. अशा कार्यक्रमाचा एकच फोटो कधी नसतो. फोटोग्राफरने दहा-पंधरा तरी काढलेले असतात : ढाल घेऊन उभे दोघे-तिघे, लेझीम उंचावलेलं पथक पाठीमागून, नुसती ढाल आणि मागे धूसर मैदान. त्यातला एक त्या जागी लावला की बातमी तशीच राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. शाळेलाही हे सोपं जातं, कारण उद्या आणखी कोणा पालकाचा मेल आला तर पुन्हा हात लावावा लागत नाही.

दुसरा पर्याय चेहरा झाकण्याचा. शाळा बहुतेक हाच सुचवेल. माझं मन याला फारसं घेत नाही. ३१ चेहऱ्यांत एकच चेहरा पुसट दिसला की बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. वर्गातली मुलं दुसऱ्या दिवशी विचारतात, 'तुझंच तोंड का झाकलंय?' आणि नऊ वर्षांच्या मुलाला त्याचं उत्तर देता येत नाही. हसऱ्या चेहऱ्याचं स्टिकर चिकटवलं तर आणखीच वाईट, ती चेष्टा वर्षभर पुरते. तरीही झाकण्यावरच आलं तर हलका धूसर करू नका म्हणून सांगा. हलक्या धूसरपणातून ओळखीचा माणूस ओळखतो. एका रंगाचा भरीव गोल किंवा चौकोन द्यायचा, आणि तो फोटोच्या फाइलमध्येच, वर ठेवलेलं चित्र म्हणून नाही.

तिसरा पर्याय मुलाला फोटोतून अलगद पुसून टाकण्याचा. हल्ली मोबाइलवरही होतं ते. शाळेने हे सुचवलं तर नको म्हणा. मग फोटोत ३० मुलं उरतात आणि पोराला वाटतं, आपण पथकात नव्हतोच. महिनाभर दुपारच्या उन्हात सराव केलेला असतो त्याने.

यावरून एक विचारते. त्याला विचारलंत का? तुमचा निर्णय बदला असं मी म्हणत नाही. चौथीतल्या मुलाच्या वतीने हे आईवडिलांनीच ठरवायचं असतं. पण फोटो बदलल्याचं त्याला वर्गात कळण्यापेक्षा तुमच्याकडून आधी कळू दे.

आता नावांकडे या. तुमच्या पत्रात ते सहज येऊन गेलंय, पण मला फोटोपेक्षा तेच जास्त खुपतं. गणवेशातला चेहरा अनोळखी माणसाला फार काही सांगत नाही. चेहऱ्याखाली पूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी आली की कोण, कुठल्या शाळेत, कुठल्या वर्गात हे सगळं एका ओळीत मिळतं, आणि नाव टाकून शोधलं तरी ते पान सापडतं. नाव काढायला वेबसाइट सांभाळणाऱ्याला दोन मिनिटं लागतात. फोटोचा वाद लांबला तरी नावाचं काम आजच होऊ शकतं, म्हणून मेलमध्ये ते आधी मागा.

आणि आता माझी स्वतःची एक चूक. एका आईच्या विनंतीवरून मी एका मुलीचा फोटो नीट कापला होता. ती रांगेच्या टोकाला होती, त्यामुळे सोपं काम. कापलेला फोटो पानावर लावला, 'झालं' म्हणून कळवलं. चार दिवसांनी त्या बाई मोबाइल घेऊन समोर उभ्या. जुना, अख्खा फोटो त्यावर उघडलेला, मुलगी ठळक दिसतेय. मला कळेना. पान तर मी स्वतः बदललं होतं. पान बदललं होतं, पण फाइल जागच्या जागी होती. ज्याच्याकडे तिचा पत्ता होता त्याला ती थेट उघडत होती.

बऱ्याच शाळांच्या वेबसाइट वर्डप्रेसवर असतात. तिथे एक फोटो चढवला की साठ्यात त्याच्या लहानमोठ्या आकाराच्या अनेक फाइली आपोआप तयार होतात. काहीशा अशा :

```
/wp-content/uploads/2025/12/lezim.jpg
/wp-content/uploads/2025/12/lezim-1024x683.jpg
/wp-content/uploads/2025/12/lezim-300x200.jpg
```

पानावरून फोटो काढला तरी या तिन्ही शाबूत राहतात. त्याच सॉफ्टवेअरमध्ये फोटो क्रॉप केला तरी नवी फाइल बनते आणि मूळ फाइल मागे राहते, म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं करता यावं. मूळ फोटो मीडिया साठ्यातून कायमचा डिलीट केला की सगळे आकार जातात. शाळेने पथकाच्या बातमीचं पीडीएफ वार्तापत्र काढलं असेल तर तिथेही हाच घोळ असतो. पीडीएफमध्ये कापलेला भाग पुष्कळदा नुसता लपलेला असतो. तिथे फोटो बदलून वार्तापत्र नव्याने तयार करावं लागतं.

म्हणून मेल लिहिण्याआधी अर्धा तास बसा आणि कुठे कुठे काय आहे ते टिपून ठेवा. कॉम्प्युटरवर फोटोवर उजवी क्लिक करून Open image in new tab निवडलं की फाइलचा पत्ता वर दिसतो, तो कॉपी करा. पानाचा पत्ता वेगळा, तोही घ्या. मुखपृष्ठावर फिरणाऱ्या फोटोंत तो आहे का ते बघा, कारण तिथे तो वेगळ्या फाइलने लावलेला असू शकतो. फेसबुक पोस्टचा पत्ता घ्या. हे पत्ते देण्याचं कारण साधं आहे. बहुतेक शाळांची वेबसाइट बाहेरचा माणूस सांभाळतो. मुख्याध्यापिकांनी 'तो लेझीमचा फोटो बघा जरा' असं सांगितलं की तो एका जागी बदलतो आणि मोकळा होतो. पत्त्यांची यादी त्याच्याकडे जशीच्या तशी पुढे पाठवता येते.

एक मात्र करू नका. फोटो जोडून, मुलाभोवती लाल गोल काढून पाठवू नका. त्याच फोटोची आणखी एक प्रत तयार होते, त्यात बाकी ३० मुलंही असतात, आणि ती मेल पुढे जाईल तितक्या लोकांकडे जाते. 'मधली रांग, डावीकडून चौथा' एवढं पुरतं.

आता सहीचं. प्रवेश अर्जावरची ती ओळ मी शेकडो वेळा वाचली आहे, 'शाळेच्या उपक्रमांची छायाचित्रे प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही'. तिच्यामुळे डिसेंबरमध्ये शाळेने फोटो लावला तो चुकीचा ठरत नाही. पण आज मी ती संमती मागे घेते, असं तुम्ही म्हणू शकता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मूल म्हणजे १८ वर्षांखालील व्यक्ती, तिच्या माहितीसाठी पालकाची संमती लागते, दिलेली संमती कधीही मागे घेता येते आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं असं म्हटलं आहे. मागे घेण्याआधी जे झालं ते बेकायदा ठरत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. मात्र मेलमध्ये कायद्याची धमकी घालू नका. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि संस्थांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात, असा टप्प्याटप्प्याचा क्रम आहे. अर्धवट धमकी दिली की मेल संस्थेच्या वकिलाकडे जातो आणि दोन मिनिटांचं काम दोन महिने अडकतं. एक सरळ वाक्य पुरे. तसंच हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. वार्षिक अंकात फोटो कागदावर छापून गेला असेल तर तो परत येणार नाही, त्यावर शक्ती घालवू नका.

मेल असा लिहा :

> विषय : लेझीम पथकाची बातमी – मुलाचे नाव काढणे व फोटो बदलणे (इयत्ता चौथी)
>
> माननीय मुख्याध्यापिका,
> सप्रेम नमस्कार.
>
> मधल्या रांगेतील मुलाला क्रॉप करता येत नाही हे आपण कळवलेत, ते मान्य. माझी मागणी मी नीट मांडली नव्हती, म्हणून पुन्हा लिहीत आहे.
>
> माझा मुलगा या फोटोत मधल्या रांगेत डावीकडून चौथा आहे. त्याचा चेहरा व नाव वेबसाइटवर आणि फेसबुकवर दिसू नये, एवढीच विनंती आहे.
>
> १. फोटोखालील ओळीतून त्याचे नाव कृपया लगेच काढावे.
> २. या फोटोऐवजी त्याच कार्यक्रमाचा, तो नसलेला दुसरा फोटो लावावा. तसा फोटो नसल्यास त्याचा चेहरा भरीव रंगाने झाकावा. त्याला फोटोतून पुसून टाकू नये.
> ३. जुना फोटो वेबसाइटच्या साठ्यातूनही काढावा. पानांचे व फाइलींचे पत्ते खाली दिले आहेत.
> ४. फेसबुकवरील पोस्टमधून हा फोटो काढावा.
>
> प्रवेश अर्जावरील छायाचित्रांची संमती माझ्या मुलापुरती आजपासून मी मागे घेत आहे. तो स्पर्धा, स्नेहसंमेलन, सहल सगळ्यात नेहमीप्रमाणे भाग घेईल. शाळेच्या नोंदीसाठी व वर्गात लावण्यासाठी फोटो काढण्यास माझी हरकत नाही.
>
> हे काम पुढील सात कामाच्या दिवसांत व्हावे ही विनंती. वेबसाइट पाहणाऱ्यांशी थेट बोलणे सोयीचे असल्यास तसे कळवावे.
>
> आपली,
> (नाव, मुलाचे नाव, इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक, फोन)

मेल मुख्याध्यापिकांना, प्रत वर्गशिक्षिकेला. आधीच्या मेलला उत्तर म्हणूनच पाठवा, म्हणजे सगळं एका धाग्यात राहतं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यातलं अक्षरही नको. तिथे हा विषय निघाला की संध्याकाळपर्यंत दोन गट पडतात आणि मुख्याध्यापिकांना कोणत्याही गटाचं ऐकल्यासारखं दिसायचं नसतं.

कारण मी मुद्दामच लिहिलेलं नाही. ते द्यावं लागत नाही, आणि दिलं की त्यावर चर्चा सुरू होते. याला एकच अपवाद. ज्या घरात मुलाच्या ताब्याचा वाद आहे, किंवा मूल कोणत्या शाळेत आहे हे एखाद्या माणसाला कळू नये अशी स्थिती आहे, तिथे 'हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे' एवढी ओळ पहिल्या परिच्छेदात हवी आणि मेल पाठवून त्याच दिवशी फोनही करावा. तिथे सात दिवस थांबायचं नाही. तुमचं प्रकरण त्यातलं नाही असं धरून चालते.

व्हॉट्सअ‍ॅपवरचं मी मेलमध्ये घातलेलं नाही. सगळ्यांसाठी डिलीट करण्याची तिथली मुदत साधारण दोन दिवसांची असते, ती कधीच गेली. शिवाय ३१ घरांत तो फोटो आजी-आजोबांपर्यंत पोहोचला असेल. माझ्या मते तो खुल्या जागेत मोडतही नाही. फेसबुकवरची गोष्ट वेगळी. तिथला फोटो काढला की त्यावरच्या पसंत्या आणि कौतुकाच्या ओळीही जातात, म्हणून शाळा थोडी कुरकुरेल. कुरकुरू दे. पोस्ट आणखी कोणी पुढे शेअर केली असेल तर मूळ फोटो गेला की तिथूनही जातो. ज्यांनी उतरवून ठेवला त्यांच्याकडे मात्र राहतो.

'काम झाले' असं उत्तर आलं की टिपलेले पत्ते एकेक करून ब्राउझरच्या खासगी खिडकीत उघडा. नेहमीच्या खिडकीत तुमच्याच मशीनमध्ये साठलेला जुना फोटो दिसू शकतो आणि तुम्ही उगाच शाळेवर चिडता. फाइलच्या पत्त्यावर 'सापडत नाही' अशा अर्थाचं पान आलं तर ती खरंच गेली. फोटो दिसला तर शाळेला एवढंच कळवा : 'पान बदललं आहे, आभार. खालची फाइल अजून उघडते, ती साठ्यातून काढावी लागेल.' चूक कोणाची याचा शोध नको. मी ज्या बाईंची गोष्ट सांगितली त्या शांतपणे मोबाइल दाखवून थांबल्या होत्या, म्हणून मी त्याच दुपारी बसून सगळं साफ केलं.

गूगलच्या चित्रांत तो फोटो त्यानंतरही काही दिवस लहान आकारात दिसत राहील. वेबसाइटवरून गेल्यानंतरच गूगलच्या Refresh Outdated Content या पानावर फाइलचा पत्ता देऊन ती जुनी प्रत काढायला सांगता येतं. १८ वर्षांखालील मुलाचं चित्र शोधातून काढण्यासाठी पालकाला करता येण्याजोगी वेगळी विनंतीही गूगलकडे आहे. पण त्याने फोटो फक्त शोधात दिसेनासा होतो, शाळेच्या पानावर तो राहतोच, म्हणून आधी शाळेचं काम.

सात दिवसांत काहीच उत्तर आलं नाही तर त्याच धाग्यात दोन ओळींची आठवण, आणि मग शाळा सुटायच्या वेळी प्रत्यक्ष भेट. ऑफिसातल्या कारकुनांना वेबसाइटवाल्याचा नंबर माहीत असतो. मुख्याध्यापिकांनी मान डोलावली की त्यांच्यासमोरच तो फोन लावून घ्यावा. माझ्या अनुभवात अशी अडलेली बहुतेक कामं त्या फोनवर सुटतात.

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षिकेला भेटा आणि मेलची ती संमतीची ओळ त्यांच्या डायरीत लिहून घ्यायला सांगा. नव्या वर्षी नव्या बाई असतात आणि ऑफिसातला मेल त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नसतो. त्यांना आणखी एक सुचवा. ग्रुप फोटोच्या वेळी त्याला रांगेच्या टोकाला उभं करायचं, किंवा दोन फोटो काढायचे : एक सगळ्यांचा, शाळेच्या भिंतीसाठी, दुसरा वेबसाइटसाठी, ज्यात तुमच्या मुलासारखी मुलं बाजूला थांबतात. आम्ही शेवटी हेच करू लागलो होतो. त्या दुसऱ्या फोटोच्या वेळी बाजूला थांबणाऱ्या मुलांच्या हातात ढाल द्यायची, म्हणजे त्यांना बाजूला काढल्यासारखं वाटत नाही. टोकाला उभं केलं असेल, तर तुमचा तो जुना शब्द, क्रॉप, पुढच्या वर्षी खरंच चालेल.

आणि या वर्षीच्या फोटोची छापील प्रत शाळेकडून मागून घ्या. अख्खी, ३१ मुलांची.